रजा आणि प्रवासाच्या तारखा जुळवून एलटीसीचा अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. एलटीसीची, म्हणजे रजा प्रवास सवलतीची बिलं माझ्या टेबलावरून जातात. परत जाणाऱ्या बिलांमध्ये लबाडी क्वचितच असते. बहुतेक वेळा रजेच्या अर्जावर एक तारीख असते, तिकिटावर दुसरी आणि अ‍ॅडव्हान्सच्या अर्जावर तिसरी. सहकारी आणि त्यांचे ओळखीचे लोक याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं केंद्रीय नागरी सेवा (रजा प्रवास सवलत) नियम, 1988 लागू असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी या तारखा आणि रकमा स्वतःला लावून घेऊ नयेत.

1. मला एलटीसी कधीपासून मिळते आणि किती वेळा?

सलग एक वर्ष सेवा झाली की मिळते. चार कॅलेंडर वर्षांचा एक ब्लॉक असतो आणि त्यात दोन-दोन वर्षांचे दोन भाग. प्रत्येक दोन वर्षांत एकदा होमटाऊनला जाता येतं. चार वर्षांत एकदा होमटाऊनऐवजी भारतात कुठेही जाता येतं. म्हणजे चार वर्षांत एकूण प्रवास दोनच. ‘भारतात कुठेही’ हा तिसरा प्रवास नाही, तो दोनपैकी एकाच्या जागी येतो. सध्याचा ब्लॉक 2026 ते 2029 आहे आणि त्यातले भाग 2026-27 आणि 2028-29.

नव्याने सेवेत आलेल्यांसाठी पहिली आठ वर्षं वेगळी असतात, ते प्रश्न 15 मध्ये आहे.

2. रजेचा अर्ज आणि एलटीसीचा अर्ज एकच असतो का?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. रजेचा अर्ज रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो आणि त्याची नोंद तुमच्या रजा लेख्यात होते. एलटीसीचा अर्ज म्हणजे नियंत्रक अधिकाऱ्याला दिलेली पूर्वसूचना: कोणत्या ब्लॉकची सवलत घेताय, कुठे जाताय, बरोबर कोण आहे, अ‍ॅडव्हान्स हवा आहे का, रजा रोखीकरण हवं आहे का. त्याची नोंद सेवापुस्तकात होते. प्रवास संपल्यावर जे बिल येतं, त्यात हे दोन्ही कागद एकमेकांसमोर ठेवून पाहिले जातात.

माझा सल्ला असा की दोन्ही अर्ज एकाच दिवशी भरा आणि भरण्याआधी एका कोऱ्या कागदावर तारखांची एकच पट्टी काढा: ऑफिसचा शेवटचा दिवस, निघण्याचा दिवस, रजेचा पहिला दिवस, रजेचा शेवटचा दिवस, परत पोहोचण्याचा दिवस, हजर होण्याचा दिवस. हे सहा दिवस तिथे नीट बसले की दोन्ही अर्ज त्या पट्टीवरून उतरवायचे. आठवणीने भरू नका.

3. एखादं पूर्ण उदाहरण द्याल का? तारखांसकट.

देतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हेच उदाहरण येईल.

पुण्यातला लेव्हल 7 चा एक कर्मचारी, पत्नी आणि दोन मुलं. मे 2026 मध्ये ‘भारतात कुठेही’ या सवलतीवर हरिद्वारला जायचं आहे. 1 मे शुक्रवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी आहे, 2 आणि 3 मे शनिवार-रविवार. त्याने 4 ते 8 मे अशी पाच दिवसांची अर्जित रजा मागितली. रजेच्या आधी 1, 2 आणि 3 मेच्या सुट्ट्या जोडल्या आणि नंतर 9 आणि 10 मेचे शनिवार-रविवार. हजर होणार 11 मेला, सोमवारी.

प्रवास असा: 1 मेला पुण्याहून गाडी, 2 मेला दिल्ली, तिथून रात्रीच्या गाडीने 3 मेच्या सकाळी हरिद्वार. परतताना 8 मेला हरिद्वार सोडलं, 9 मेला दिल्लीहून पुण्याची गाडी आणि 10 मेला रविवारी घरी.

रजेच्या अर्जात नुसतं ‘4 ते 8 मे’ लिहून भागत नाही. आधीच्या तीन आणि नंतरच्या दोन सुट्ट्या जोडायची परवानगी त्याच अर्जात मागावी लागते, आणि ‘1 मे सकाळपासून 10 मे रात्रीपर्यंत मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी’ हे वाक्यही तिथेच हवं. असं लिहिलेलं असेल तर 1 मेचं तिकीट पाहून कुणी प्रश्न विचारत नाही. ते नसेल तर लेखा शाखेला दिसतं ते एवढंच: रजा 4 तारखेपासून आणि माणूस 1 तारखेलाच गाडीत.

4. नुसत्या शनिवार-रविवारी जाऊन आलो, रजाच घेतली नाही, तर एलटीसी मिळेल का?

नाही. सवलतीच्या नावातच रजा आहे. ती रजेच्या काळात मिळते, नुसत्या सुट्ट्यांच्या काळात मिळत नाही. मात्र रजा मोठी असायलाच हवी असंही नाही. शुक्रवारची एक दिवसाची नैमित्तिक रजा आणि पुढचे शनिवार-रविवार, एवढ्यात होमटाऊनला जाऊन आलेल्यांची बिलं मी पाहिली आहेत आणि ती रीतसर मंजूर झाली आहेत.

5. कोणत्या रजा चालतात?

अर्जित, अर्धवेतनी, नैमित्तिक, विशेष नैमित्तिक आणि 2018 पासून बालसंगोपन रजासुद्धा. रजेचा प्रकार सवलतीच्या आड येत नाही.

तारखांचा हिशेब मात्र प्रकारानुसार बदलतो. अर्जित रजेच्या आधीच्या आणि नंतरच्या सुट्ट्या रजेत मोजल्या जात नाहीत, पण मधल्या सुट्ट्या मोजल्या जातात. आपल्या उदाहरणातल्या माणसाने रजा 4 ते 15 मे घेतली असती, तर 9 आणि 10 तारीख मध्ये आल्या असत्या आणि लेख्यातून दहाऐवजी बारा दिवस गेले असते. नैमित्तिक रजेत मधल्या सुट्ट्या मोजत नाहीत, पण ती वर्षाला आठच आणि अर्जित रजेला जोडून घेता येत नाही. ‘पहिले दोन दिवस सीएल टाकतो आणि पुढचे ईएल’ असा अर्ज दरवर्षी कुणीतरी देतंच आणि तो दरवर्षी परत जातो.

6. गाडी आदल्या संध्याकाळची आहे. ऑफिस संपवून निघालो तर चालेल का?

रजेच्या किंवा जोडलेल्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, कामाचे तास पूर्ण करून निघणं आमच्याकडे मान्य होतं. अट एवढीच की मुख्यालय सोडण्याची परवानगी त्या संध्याकाळपासून मागितलेली असावी. आपल्या उदाहरणात माणूस 30 एप्रिलला गुरुवारी रात्री आठच्या गाडीने निघणार असेल, तर अर्जात ‘30 एप्रिल, कार्यालयीन वेळेनंतर’ असं लिहावं.

गाडी दुपारी साडेतीनची असेल तर गोष्ट वेगळी. त्या दिवशी हजेरी लावलेली आणि तिकिटावर गाडी सुटण्याची वेळ ऑफिसच्या वेळेतली, हे बिलात शेजारी-शेजारी दिसतं. असा एक कागद माझ्या चांगला लक्षात आहे. बायोमेट्रिकमध्ये बाहेर पडण्याची वेळ सहा दहा आणि तिकिटावर सुटण्याची वेळ पाच चाळीस. गाडी उशिरा सुटली होती, माणूस खरं बोलत होता, पण ते सिद्ध करताना त्याला दीड महिना पत्रं लिहावी लागली. अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा टाकली असती तर प्रश्नच आला नसता. फक्त प्रश्न 5 मध्ये सांगितलेलं लक्षात ठेवा: पुढची रजा अर्जित असेल तर आदल्या दिवशी सीएल जोडता येणार नाही. तेव्हा अर्जित रजाच एक दिवस आधी सुरू करा.

7. रजा मंजूर होण्याआधी तिकीट काढलं तर?

तिकीट काढायला बंदी नाही, पण जोखीम तुमची. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही. तिकीट काढलं आहे हे रजा मंजूर करण्याचं कारण होत नाही. आणि एलटीसीची पूर्वसूचना प्रवास सुरू होण्याआधी गेलेली हवीच.

एकदा मंजूर झालेली रजा कामासाठी रद्द झाली, तर तो आदेश लेखी घ्या, तोंडी निरोपावर थांबू नका. तिकीट रद्द करण्याचा खर्च मागायचा झाला तर त्या कागदाशिवाय मागणीला आधारच राहत नाही.

8. अ‍ॅडव्हान्स किती मिळतो आणि कधी मागावा?

अंदाजित भाड्याच्या 90 टक्क्यांपर्यंत. उदाहरणातल्या चौघांचं जाण्यायेण्याचं एसी टू-टियरचं भाडं समजा 24,000 रुपये होत असेल, तर 21,600 रुपये. रजा किंवा कुटुंबाची अनुपस्थिती 90 दिवसांच्या आत असेल तर जाण्याचा आणि येण्याचा अ‍ॅडव्हान्स एकदमच मिळतो.

‘कधी मागावा’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अ‍ॅडव्हान्स हातात आल्यापासून दहा दिवसांत तिकिटं काढल्याचा पुरावा द्यावा लागतो. दुसरीकडे रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं, प्रवासाचा दिवस सोडून. आता उदाहरण पाहा. 1 मेच्या गाडीचं आरक्षण 2 मार्चला उघडतं आणि 9 मेच्या परतीच्या गाडीचं 10 मार्चला. अ‍ॅडव्हान्स 20 फेब्रुवारीला खात्यात आला, तर दहा दिवस 2 मार्चलाच संपतात. जाण्याचं तिकीट जेमतेम मुदतीत बसेल, परतीचं निघालेलंच नसेल. अ‍ॅडव्हान्स 2 मार्चच्या आसपास आला, तर 12 मार्चपर्यंत दोन्ही तिकिटं दाखवता येतात.

म्हणून लवकर अर्ज देणं चांगलं, पण रक्कम कोणत्या तारखेच्या सुमारास हवी आहे हे अर्जात लिहा. लेखा शाखेतल्या माणसाला ते वाचून बरंच वाटतं.

9. दहा दिवस रजा रोखीकरण घ्यायचं आहे. त्यासाठी दहा दिवसांची रजाही घ्यावी लागते का?

नाही. हा समज जुन्या नियमामुळे टिकून आहे. आता रोखीकरणाचा आणि प्रत्यक्ष घेतलेल्या रजेच्या दिवसांचा किंवा प्रकाराचा संबंध नाही. एक दिवसाची सीएल घेऊन होमटाऊनला गेलात, तरी दहा दिवसांची अर्जित रजा रोखीत घेता येते.

मर्यादा दोन. एका वेळी जास्तीत जास्त दहा दिवस आणि संपूर्ण सेवेत साठ. शिवाय घेतलेली रजा आणि रोखीकरण दोन्ही वजा केल्यावर खात्यात किमान 30 दिवस अर्जित रजा उरायला हवी. उदाहरणातल्या माणसाच्या खात्यात 52 दिवस होते. त्यातले पाच प्रत्यक्ष रजेचे, दहा रोखीकरणाचे, उरले 37, म्हणजे चाललं. खात्यात 43 असते तर उरले असते 28 आणि रोखीकरण आठच दिवसांचं मिळालं असतं.

रक्कम अशी काढतात: मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले 30, गुणिले दिवस. घरभाडे भत्ता यात येत नाही. मूळ वेतन 53,600 आणि महागाई भत्ता उदाहरणापुरता 58 टक्के धरला, तर बेरीज 84,688 होते आणि दहा दिवसांचे 28,229 रुपये. ही रक्कम करपात्र आहे. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या 300 दिवसांच्या रोखीकरणातून मात्र हे दिवस कापले जात नाहीत. ते कापले जातील या भीतीने लोक रोखीकरण सोडून देतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

10. मी लेव्हल 7 ला आहे. दौऱ्यावर विमानाने जातो, मग एलटीसीवर का नाही?

कारण दौऱ्याची आणि एलटीसीची पात्रता एकसारखी नाही. एलटीसीवर विमानाची पात्रता लेव्हल 9 पासून सुरू होते. लेव्हल 6 ते 8 ला एसी टू-टियर, लेव्हल 5 आणि त्याखाली एसी थ्री-टियर किंवा चेअर कार.

विमानाने जायला बंदी नाही, पण परतावा रेल्वेच्या पात्र वर्गाच्या भाड्याएवढाच आणि तोही वाढत जाणारा फ्लेक्सी भाग वगळून. ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख आणि अंदमान-निकोबार यांच्यासाठी स्वतंत्र शिथिलता आहे. तिची मुदत सध्या 25 सप्टेंबर 2026 पर्यंत आहे. या भागांत जाण्याचा विचार असेल तर रजेच्या तारखा ठरवतानाच ही तारीख समोर ठेवा.

11. विमानाचं तिकीट मोबाइलवरच्या कुठल्याही अ‍ॅपवरून काढलं तर चालतं ना?

चालत नाही. यावर बाद झालेल्या बिलांची संख्या मन खिन्न करणारी आहे. विमानाचं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स अँड टूर्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकी एकाकडूनच काढायचं. विमानाची पात्रता नसलेल्यांनी स्वतःहून विमान निवडलं तरीही हेच लागू.

2022 च्या सूचनांनुसार प्रवासाच्या किमान 21 दिवस आधी तिकीट काढणं, तुम्ही निवडलेल्या तीन तासांच्या वेळेत तुमच्या वर्गाचं सर्वांत स्वस्त भाडं घेणं आणि प्रत्येक टप्प्यासाठी एकच तिकीट ठेवणं अपेक्षित आहे. तिकीट काढताना समोर दिसणाऱ्या विमानांच्या आणि भाड्यांच्या पानाची प्रिंट तेव्हाच काढून ठेवा. दोन महिन्यांनी ते पान पुन्हा दिसत नाही.

आता याचा रजेशी संबंध. 21 दिवसांची अट पाळायची तर रजा त्याच्या आधी मंजूर झालेली हवी. निघण्याच्या दहा दिवस आधी रजेचा अर्ज दिला, तर स्वस्त तिकीटही गेलं आणि सूचनाही पाळली गेली नाही.

12. हरिद्वार घोषित केलं आणि पुढे मसुरीला गेलो. किंवा ऐन वेळी ठिकाणच बदललं. बिल मिळेल का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घोषित ठिकाणाच्या पुढे गेलात तर परतावा घोषित ठिकाणापर्यंतच, सर्वांत जवळच्या थेट मार्गाने. हरिद्वार ते मसुरीची खाजगी टॅक्सी तुमच्या खिशातून. खाजगी वाहनांचं भाडं तसंही मिळत नाही, सार्वजनिक वाहतूक नसलेल्या भागातला मर्यादित अपवाद सोडला तर. वाटेत दिल्लीत दोन दिवस थांबायला हरकत नाही, फक्त ते दिवस तुमच्या रजेत बसले पाहिजेत.

ठिकाण बदलायचं असेल तर ते प्रवास सुरू होण्याआधी आणि नियंत्रक अधिकाऱ्याच्या मान्यतेने. प्रवास सुरू झाल्यावर बदल करता येतो तो फक्त अशा परिस्थितीत, जिच्यामुळे आधी विचारणं तुमच्या हातात नव्हतं. दरड कोसळली, रस्ता बंद झाला, तर तिथूनच ईमेल पाठवा आणि बातमीचं कात्रण किंवा रेल्वेचा संदेश जपून ठेवा. नुसत्या तारखा पुढे-मागे झाल्या, ठिकाण तेच राहिलं, तर सुधारित रजा अर्ज आणि सुधारित पूर्वसूचना दोन्ही द्या. बहुतेक जण पहिला देतात आणि दुसरी विसरतात.

13. परतीची गाडी चौदा तास उशिरा आली आणि मी एक दिवस उशिरा हजर झालो. एलटीसी गेली का?

नाही, एलटीसीला धक्का लागत नाही. पण तो एक दिवस रजेशिवाय राहिला तर तो गैरहजेरीचा प्रश्न होतो. उदाहरणातला माणूस 10 मेऐवजी 11 मेच्या दुपारी पोहोचला आणि 12 ला हजर झाला असं धरा. आता 11 मे कामाचा दिवस होता. अर्जित रजा 11 मेपर्यंत वाढवायची म्हटलं, तर 9 आणि 10 तारखा शेवटी न राहता मध्ये आल्या. म्हणून वाढ एका दिवसाची नाही, तीन दिवसांची होईल आणि एकूण रजा आठ दिवस.

त्याने रोखीकरण घेतलं असेल तर प्रश्न 9 मधली 30 दिवसांची अटही पुन्हा तपासावी लागते. त्याच्याकडे 37 उरत होते, आता 34, म्हणजे अडचण नाही. काठावर असलेल्याला मात्र रोखीकरणाचे पैसे परत करावे लागू शकतात. म्हणून गाडीतूनच अधिकाऱ्यांना कळवा आणि हजर झाल्या दिवशी रजा वाढीचा अर्ज द्या. रेल्वेच्या उशिराचा पुरावा सोबत जोडा.

14. मला रजा मिळत नाही. कुटुंबाला एकटं पाठवू का?

पाठवा. कुटुंब स्वतंत्र जाऊ शकतं, त्यासाठी तुम्ही रजा घ्यायची गरज नाही. पूर्वसूचना मात्र तुमच्याच नावाने आणि आधी. गटागटाने गेले तरी चालतं, फक्त प्रत्येक गटाने निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत परतायला हवं. आपल्या उदाहरणात पत्नी आणि मुलं 1 मेला गेली आणि नवरा जूनमध्ये गेला, तर दोन वेगळे प्रवास, दोन वेगळी बिलं आणि प्रत्येक बिलाची मुदत आपापली (प्रश्न 16).

पती-पत्नी दोघंही केंद्रीय कर्मचारी असतील तर दोघांना आपापली सवलत आणि आपापलं होमटाऊन ठेवता येतं. मुलं मात्र एकाच्याच अर्जात. एकाने दुसऱ्याचं कुटुंब म्हणून प्रवास केला, तर त्या ब्लॉकमधला त्याचा स्वतःचा हक्क संपतो.

15. मी नुकताच नोकरीला लागलो. माझ्यासाठी काय वेगळं?

पहिल्या दोन चार-वर्षीय ब्लॉकमध्ये दरवर्षी एक प्रवास मिळतो: प्रत्येक ब्लॉकमध्ये तीन वेळा होमटाऊन आणि एकदा भारतात कुठेही. सेवेचं एक वर्ष पूर्ण झालं की हक्क सुरू होतो, पण वर्ष रुजू होण्याच्या तारखेपासून नाही, कॅलेंडरप्रमाणे मोजलं जातं. त्या वर्षाची सवलत घेतली नाही तर ती पुढच्या वर्षात नेता येत नाही. त्यामुळे रजेचा अर्ज देताना 31 डिसेंबर ही तारीख आधी पाहा. 14 जुलैला रुजू झालेल्याने ‘पुढच्या जुलैपर्यंत आहे की’ असं धरलं, तर एक प्रवास हातचा जातो.

16. बिल किती दिवसांत द्यायचं?

अ‍ॅडव्हान्स घेतला असेल तर परतल्यापासून एक महिना. घेतला नसेल तर तीन महिने. 10 मेला परतलेल्या कुटुंबासाठी या तारखा अनुक्रमे 10 जून आणि 10 ऑगस्ट. मुदत चुकली तर दावा बाद होतो आणि घेतलेला अ‍ॅडव्हान्स भविष्य निर्वाह निधीच्या व्याजदरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने वसूल होतो. विलंब माफ करण्याचे मर्यादित अधिकार मंत्रालयांकडे आहेत, पण ते मागावे लागतात, कारण पटवावं लागतं आणि त्यात महिने जातात.

बिल भरताना सुरुवातीच्या त्या तारखांच्या पट्टीवरच जा. बिलातल्या निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा तिकिटावरून भरा, रजेच्या तारखा मंजुरी आदेशावरून भरा आणि दोन्हींत कुठे फरक पडला असेल तर त्याचं कारण एका ओळीत तिथेच लिहा. तपासणारा माणूस फरक शोधतच असतो. तो त्याला तुमच्याच अक्षरात, कारणासह मिळाला तर फाइल पुढे जाते.

17. 2022-25 ची सवलत घ्यायची राहून गेली. डिसेंबर 2026 मध्ये निघून जानेवारीत परतलो तर?

मिळेल. न घेतलेली सवलत पुढच्या ब्लॉकच्या पहिल्या वर्षात घेता येते, म्हणजे 31 डिसेंबर 2026 पर्यंत. आणि प्रवास कोणत्या वर्षाचा हे जाण्याचा प्रवास कधी सुरू झाला यावरून ठरतं. 30 डिसेंबर 2026 ला निघून 5 जानेवारी 2027 ला परतलात तरी तो 2026 मध्येच धरला जातो.

दोन गोष्टी सांभाळा. अर्जात ‘ब्लॉक 2022-25, पुढे आणलेली सवलत’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर सेवापुस्तकात तो प्रवास 2026-27 मधून वजा झालेला दिसेल आणि ते दुरुस्त करायला बराच वेळ जातो. दुसरं, अशी रजा दोन कॅलेंडर वर्षांत पसरते. नैमित्तिक रजा असेल तर डिसेंबरचे दिवस जुन्या वर्षाच्या आठातून जातात आणि जानेवारीचे नव्या. डिसेंबरमध्ये जुन्या आठातलं काही उरलं आहे का, ते तिकीट काढण्याआधी आस्थापना शाखेत विचारून घ्या.